गोडाऊन बंद होते : नौपाड्यातील एका विमा पाहणीचे प्रकरण

बुधवारी दुपारी सव्वादोन वाजता विमा कंपनीने नेमलेले सर्व्हेअर नौपाड्यातील दुकानासमोर उभे होते, दुकानाचे शटर उघडे होते, थोरले बंधू गल्ल्यावर बसलेले होते, आणि तरीही ज्या मालाचे खरे नुकसान झाले होते तो माल त्यांना पाहता आला नाही. ठाण्यातील लहान दुकानदारांच्या विम्याचे कागद मी पाहतो, त्यामुळे या दाव्यात मी सुरुवातीपासून होतो. आणि पहिली भेट वाया गेली त्याला माझाही हातभार होता, हे आधीच सांगितलेले बरे.

दुकान साड्या आणि ड्रेस मटेरियलचे, दोन भावांचे. जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड असलेला एक गाळा, आणि त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला चार पायऱ्या खाली उतरून जावे लागते असे गोडाऊन. दोन्ही जागा पॉलिसीत स्वतंत्रपणे लिहिलेल्या होत्या. पॉलिसी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रकारातील, म्हणजे एका ठिकाणच्या विमायोग्य मालमत्तेचे एकूण मूल्य ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या छोट्या व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली, आणि तिच्यात पुराच्या पाण्याने होणारे नुकसान मुळातच धरलेले असते. जुलैतील एका रविवारी रात्रभर पाऊस झाला, रस्त्यावरचे पाणी आत आले, आणि सोमवारी सकाळी गाळ्यात सुमारे १४ इंच तर गोडाऊनमध्ये अडीच फूट उंचीची पाण्याची रेषा भिंतीवर स्पष्ट दिसत होती. गाळ्यातील फक्त खालच्या रॅकचा माल भिजला होता. गोडाऊनमध्ये मात्र खालचे तीन कप्पे पूर्ण पाण्यात होते.

सोमवारीच कंपनीला फोन आणि ई-मेल दोन्ही मार्गांनी कळवले व दावा क्रमांक घेतला. विमा नियामकाच्या २०१५ च्या नियमांनुसार मोटार विमा सोडून इतर विम्यांत १ लाख रुपयांच्या किंवा त्याहून मोठ्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्व्हेअरकडूनच करून घ्यावी लागते, आणि इथला आमचा ढोबळ अंदाज त्याच्या कितीतरी पुढे होता. नेमणूक तत्परतेने झाली. मंगळवारी दुपारी सर्व्हेअरांचा फोन आला, ‘उद्या दुपारी येऊ का?’ असे त्यांनी विचारले, आणि थोरल्या बंधूंनी उत्साहाने सांगितले, ‘कधीही या साहेब, आम्ही दिवसभर दुकानातच आहोत.’ मी ते ऐकले आणि त्यात काही दुरुस्ती केली नाही.

‘कधीही या’ हे वाक्य सौजन्याचे असले तरी त्यात माहिती काहीच नाही. सर्व्हेअरांना त्यातून तीन गोष्टी कळल्या नाहीत : पाहायच्या जागा दोन आहेत, दुसऱ्या जागेचा रस्ता वेगळा आहे, आणि मोजायचा माल किती आहे. पाऊस ठाण्यात सगळीकडेच पडलेला होता, त्यामुळे त्यांच्याकडे त्या दिवशी पाच-सहा ठिकाणे होती आणि आमच्या दुकानाला त्यांनी अर्धा तास ठेवला होता. छोट्या दुकानात खालचा रॅक भिजला आहे, एवढ्या माहितीवर अर्धा तास हा अंदाज चुकीचाही म्हणता येत नाही.

ते आले तेव्हा धाकटे बंधू, ज्यांच्या खिशात गोडाऊनच्या शटरची किल्ली असते, जेवायला घरी गेले होते. गोडाऊनकडे जायचा मार्ग सोसायटीच्या बाजूच्या लोखंडी फाटकातून आहे, आणि ते फाटक दुपारी एक ते तीन कुलूपबंद असते, कारण त्या वेळेत वॉचमन जागेवर नसतो. या फाटकाची दुसरी किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, आणि ते नोकरीनिमित्त फोर्टात. शिवाय मीटर रूममध्ये पाणी शिरल्याने मागच्या भागाचा वीजपुरवठा रविवार रात्रीपासून बंद होता, त्यामुळे फाटक आणि शटर उघडले असते तरी आत मोबाइलच्या प्रकाशात काय दिसले असते, हा प्रश्नच होता. सर्व्हेअर वीस मिनिटे थांबले, गाळ्याचे फोटो काढले, पाण्याच्या रेषेला टेप लावून उंची घेतली, आणि वहीत लिहिले की गोडाऊन बंद असल्याने पाहता आले नाही.

ही नोंद खरीच होती. पण अशी नोंद एकटीच राहिली तर पुढे अडचण होते. कंपनीत फाइल तपासणारा माणूस नौपाड्यात आलेला नसतो; त्याच्यासमोर कागदावर ‘विमाधारकाने जागा दाखवली नाही’ एवढाच अर्थ उरतो, आणि त्यानंतर जितके दिवस जातील तितकी ‘मधल्या काळात माल हलवला का’ ही शंका वाढत जाते. म्हणून दुसरी वेळ मागण्याआधी पहिल्या भेटीत नेमके काय झाले ते आपल्या बाजूनेही त्याच दिवशी लेखी जाणे आवश्यक होते. बुधवारी संध्याकाळी आम्ही सर्व्हेअरांना आणि प्रत म्हणून कंपनीच्या दावे विभागाला ई-मेल पाठवला : आपण अमुक वेळी आलात, गाळा पाहिलात, फाटकाची व शटरची किल्ली उपलब्ध नसल्याने गोडाऊन दाखवता आले नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत, तेथील माल जसाच्या तसा आहे आणि पुढील भेटीसाठी सविस्तर तपशील उद्या सकाळी पाठवत आहोत. आपली चूक होती तेथे ती सरळ लिहिली. कारणे रंगवत बसलो असतो तर पत्र लांबले असते आणि विश्वास कमी झाला असता.

पण त्याच पत्रात एक निकडीचा मुद्दा होता, आणि या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच. भिजलेले सुती कापड पावसाळ्यात गठ्ठ्यात राहिले की दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशीचे ठिपके धरतात, आणि गडद रंगाच्या साडीचा रंग शेजारच्या फिक्या साडीवर उतरतो. म्हणजे सोमवारी जी साडी धुऊन-वाळवून अर्ध्या किमतीत गेली असती, ती शनिवारी भंगार झालेली असते. पॉलिसी एकीकडे सांगते की नुकसान वाढू नये म्हणून विमाधारकाने वाजवी काळजी घ्यावी. दुसरीकडे प्रत्येक जाणकार सांगतो की पाहणी होईपर्यंत मालाला हात लावू नये. दोन्ही बरोबर आहेत आणि दुकानदार मात्र दोन्हींच्या मध्ये अडकतो. वेळ पुढे जात असेल तेव्हा ही कोंडी गप्प बसून सुटत नाही. सर्व्हेअरांना लेखी विचारावे लागते की ‘भेट शनिवारी होणार असेल तर तोपर्यंत माल वेगळा करून वाळत घालू का, आणि कसा?’

गुरुवारी सकाळी त्यांचे उत्तर आले, आणि ते अतिशय उपयोगी होते. हलवण्याआधी प्रत्येक कप्प्याचा फोटो काढावा आणि त्यात पाण्याची रेषा व मोजपट्टी दिसावी. मग मालाचे तीन ढीग करावेत, पूर्ण भिजलेला, कडेला ओल लागलेला आणि कोरडा. किमतीची लेबले काढू नयेत. एकही नग फेकू नये, कुजलेला असला तरी. आणि भिंती धुऊ नयेत. शेवटची सूचना ऐकून धाकटे बंधू जरा हिरमुसले, कारण गोडाऊनमध्ये गटाराचा वास होता आणि त्यांनी फिनेल आणून ठेवले होते. जमीन पुसा, भिंत राहू द्या, असे ठरले.

त्यानंतर वेळ ठरवण्याचे काम हाती घेतले, आणि ते उलट्या क्रमाने केले. सर्व्हेअरांना कोणती वेळ सोयीची हे विचारण्याआधी आमच्या बाजूने जागा पूर्णपणे उघडी कोणत्या तासांत असू शकते ते शोधले. वॉचमन सकाळी सात ते दुपारी एक जागेवर असतो. सेक्रेटरी शनिवारी घरी असतात. वह्या ज्यांना कळतात ते हिशेबनीस सकाळी दहाच्या आधी येत नाहीत. दुपारी चारनंतर गोखले रोडवर गाडी पुढे सरकत नाही. या सगळ्यांचा जिथे मेळ बसतो तो पट्टा शनिवारी सकाळी दहा ते एक एवढाच निघाला. मग मोजणीला किती वेळ लागेल त्याचा हिशेब केला. ढीग करतानाच नग मोजले होते : गोडाऊनमध्ये ६४० आणि गाळ्यात २१०, मिळून ८५० नग. दोन माणसे उलगडून दाखवणार आणि एक लिहिणार असे धरले तर तासाला तीनशेच्या आसपास नग होतात, म्हणजे जवळपास तीन तास. हा आकडा सर्व्हेअरांना आधी कळणे आवश्यक होते, कारण त्यावरून ते ठरवणार होते की सगळे मोजायचे की काही गठ्ठे नमुन्यादाखल उघडायचे, आणि सोबत साहाय्यक आणायचा का.

गुरुवारी दुपारी थोरल्या बंधूंच्या नावाने पाठवलेला निरोप जवळजवळ पूर्ण देतो, कारण त्यातील प्रत्येक वाक्य बुधवारच्या एखाद्या अडचणीला उत्तर म्हणून लिहिलेले आहे.

‘महोदय, दावा क्रमांक विषयात दिला आहे. पाहणीसाठी शनिवारी सकाळी १०.३० ही वेळ आपणास चालेल का? जागा १ वाजेपर्यंत पूर्ण उघडी राहील आणि गरज पडल्यास त्यापुढेही आम्ही व्यवस्था करू. पाहायच्या जागा दोन आहेत : रस्त्यावरील गाळा क्र. ३ आणि त्याच इमारतीमागील गोडाऊन. दोन्ही पॉलिसीत नमूद आहेत. नकाशावरील खूण गाळ्याच्या दर्शनी बाजूची आहे. गोडाऊनकडे जाण्यासाठी इमारतीच्या उजव्या हाताच्या फाटकातून आत येऊन मागे वळावे लागते, चार पायऱ्या खाली आहेत आणि त्या अजून निसरड्या आहेत, कृपया बूट घालून यावे. फाटक, शटर आणि आतील जाळी या तिन्हींच्या किल्ल्या त्या दिवशी माझ्याकडे असतील. मागच्या भागाचा वीजपुरवठा बंद आहे आणि वायरमनने तपासल्याशिवाय तो सुरू करणार नाही; त्याऐवजी चार्जिंगचे दोन मोठे दिवे लावलेले असतील. अंदाजे ८५० नग तीन ढिगांत लावलेले आहेत, पूर्ण मोजणीस सुमारे तीन तास लागतील असे वाटते. माझे धाकटे बंधू, हिशेबनीस आणि दोन मदतनीस हजर असतील. दुचाकी सोसायटीत लावता येईल, चारचाकीसाठी आत जागा नाही. रेल्वेने आल्यास ठाणे पश्चिमेकडून दुकान चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. पावसामुळे येणे शक्य न झाल्यास रविवारी हीच वेळ राखून ठेवली आहे. शनिवारी सकाळी आठपर्यंत कळवावे. आपल्याऐवजी साहाय्यक येणार असल्यास त्यांचे नाव आधी कळवावे, म्हणजे सोसायटीच्या फाटकावर नोंद करून ठेवता येईल.’

शेवटच्या वाक्याकडे थोडे लक्ष वेधतो. ते वॉचमनसाठी आहे असे दिसते आणि तसे ते आहेही, पण त्याचा दुसरा उपयोग सुरक्षिततेचा आहे. पाणी भरल्यानंतरच्या आठवड्यात ‘विम्याकडून आलोय’ असे सांगणारी बरीच माणसे फिरत असतात, त्यांत भंगारवाले असतात, दावा मिळवून देतो म्हणणारे असतात. कंपनीच्या संदेशात आलेले सर्व्हेअरांचे नाव आणि दारात आलेल्या माणसाचे नाव व परवाना क्रमांक जुळतो का, हे पाहिल्यावरच शटर वर करावे. सर्व्हेअरांचे शुल्क विमा कंपनी देते. पाहणीला येण्यासाठी दुकानदाराकडे कोणी रोख मागत असेल तर ते लगेच कंपनीला कळवावे. आणखी एक गोंधळ नेहमी होतो तो पंचनाम्याचा. तलाठ्याने केलेला पंचनामा ही सरकारी नोंद आहे. त्याची प्रत दाव्याला आधार म्हणून जोडावी, परंतु तो झाला म्हणून विम्याची पाहणी झाली असे होत नाही. थोरल्या बंधूंची तशीच समजूत होती.

शुक्रवारी सर्व्हेअरांचे दोन शब्दांचे उत्तर आले, ‘शनिवार चालेल.’ अशा उत्तरावर थांबू नये असे माझे मत आहे. आम्ही उलट टपाली लिहिले की शनिवार सकाळ १०.३०, गाळा आणि गोडाऊन दोन्ही, साहाय्यकासह, असे आम्ही धरून चालत आहोत. त्यावर त्यांनी साहाय्यकाचे नाव कळवले. मग शुक्रवारी रात्री किल्ल्यांची तालीम केली, म्हणजे तिन्ही किल्ल्या खरोखर एका हातात आणून एकदा कुलपे उघडून पाहिली. हे हास्यास्पद वाटेल, पण आतील जाळीचे कुलूप पाण्यामुळे गंजून घट्ट बसले होते आणि ते उघडायला तेल आणि पाऊण तास लागला. शनिवारी सकाळी सर्व्हेअरांसमोर हा पाऊण तास गेला असता तर पुन्हा बुधवारच झाला असता.

शनिवारी ते पावणेअकराला आले. सर्वप्रथम गोडाऊन दाखवले, कारण थकवा आणि उशीर जो काही व्हायचा तो कमी महत्त्वाच्या जागेच्या वाट्याला यावा. भिंतीवरची रेषा शाबूत होती, तिला टेप लावून पुन्हा फोटो झाले, आणि आम्ही सोमवारी काढलेल्या फोटोंतील रेषेशी ती जुळली. मोजणी सुरू झाल्यावर कोरड्या ढिगातील काही साड्यांच्या आतल्या घडीला ओल असल्याचे आढळले आणि ओल लागलेल्या ढिगातील काही चक्क विकण्याजोग्या निघाल्या. दोन्ही बदल आम्ही तेथेच मान्य केले. दुकानदार आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टही नोंदवू देतो हे एकदा दिसले की उरलेली मोजणी सोपी होते, असा माझा अनुभव आहे. संगणक पाण्यात गेल्याने साठ्याचा हिशेब त्यावरून दाखवता येत नव्हता. हिशेबनिसांनी आपल्या लॅपटॉपवरून मार्चअखेरचा साठा, त्यानंतरची खरेदी आणि विक्री मांडून रविवारी किती माल असायला हवा होता ते दाखवले. भिजलेल्या मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरली जाते, लेबलवरच्या विक्रीच्या भावाने नव्हे, हे धाकट्या बंधूंना त्या वेळी प्रथमच कळले आणि त्यांचा चेहरा उतरला. हे आधी सांगायला हवे होते. तेही माझ्याकडून राहिले.

सगळे आटोपायला तीन तास दहा मिनिटे लागली. निघताना नगांच्या यादीच्या प्रत्येक पानावर सर्व्हेअर आणि थोरले बंधू अशा दोघांच्या सह्या झाल्या आणि एक प्रत आमच्याकडे राहिली. द्यायच्या कागदांची यादी त्यांनी तोंडी सांगितली, ती आम्ही लिहून घेतली. त्याच संध्याकाळी पुन्हा ई-मेल गेला : कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत पाहणी झाली, दोन्ही जागा पूर्ण पाहिल्या गेल्या, किती नग कोणत्या ढिगात नोंदले, कोणते कागद आम्ही कोणत्या तारखेपर्यंत देणार, आणि एक विनंती की कुजलेला ढीग किती दिवस सांभाळायचा ते लेखी कळवावे, कारण शेजारच्या गाळेवाल्यांनी वासाची तक्रार सोसायटीकडे केली होती. बुधवारच्या ‘गोडाऊन पाहता आले नाही’ या नोंदीला उत्तर ठरेल असे दुसरे काही नव्हते. या पत्रातच ते वाक्य मुद्दाम घातले की बुधवारी राहिलेली जागा आज दाखवली.

मंगळवारी सर्व्हेअरांनी कळवले की पूर्ण भिजलेल्या ढिगासाठी भंगाराच्या दोन लेखी बोली घेऊन त्यांना पाठवाव्यात आणि कंपनीची संमती आल्यावरच माल उचलू द्यावा. बोलीवाल्यांनाही शनिवारचीच दहा ते एकची वेळ दिली, तोच फाटकाचा रस्ता, तेच दिवे. पाहणी अहवालाची प्रत मिळावी अशी लेखी मागणी विमाधारक करू शकतो आणि ती आम्ही करून ठेवली. अहवाल आला तेव्हा त्यात दोन्ही भेटींच्या तारखा होत्या, पहिल्या भेटीपुढे ‘गोडाऊनची किल्ली उपलब्ध नव्हती’ असे होते, आणि त्याखालच्या ओळीत ‘माल हलवण्यापूर्वीचे फोटो आणि सूचनेनुसार केलेली विभागणी तपासली, सुसंगत आढळली’ असे होते. भिंत त्यानंतर धुतली.